उठाव

मुरुमच्या बाजारपेठेत फ्लेक्सचं दुकान चालवायचं, तर एक शब्द ऐकायची तयारी ठेवावी लागते. तो शब्द म्हणजे उठाव. लग्नाचं बॅनर असो, बियाणाच्या दुकानाची पाटी असो, नाही तर सोसायटीच्या नव्या चेअरमनच्या अभिनंदनाचा फलक असो, गिऱ्हाईक खुर्ची ओढून संगणकासमोर बसतं, मान तिरकी करतं आणि म्हणतं, "बाकी झकास हाय, पण जरा उठाव न्हाय." कशाला उठाव नाही, तो कुठं पाहिजे, हे मात्र कोणी सांगत नाही. सांगता येत असतं तर तो बिचारा स्वतःच चित्रकार झाला असता.

शिवरंजनीनं या शब्दाबरोबर सतरा वर्षं काढली. तिचे वडील कल्याणप्पा पेंटर. उमरग्यापर्यंतच्या कितीतरी भिंती, ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्या आणि शाळांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. फ्लेक्स आलं तसे ब्रश वाळले आणि कल्याणप्पांनी लेकीला संगणक घेऊन दिला. स्वतः मात्र माऊसला कधी हात लावला नाही. बाहेर बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालत, आणि आत लेक चुकली की तिथूनच तिला टोमणा मारत.

म्हाताऱ्याची एक खोड होती. गिऱ्हाईक म्हणालं पाटीला उठाव नाही, की ते त्याच्या दंडाला धरून रस्त्याच्या पलीकडे नेत. तिथं उभं करून विचारत, "आता सांग, डोळा पयलं कुठं जातोय? बोट दाव." माणूस बोट दाखवी. "अन् कुठं जायला पायजे?" तो पुन्हा बोट दाखवी. झालं, उठाव कुठं पाहिजे ते कळलं. पाटी कुठून वाचणार, चालत वाचणार की मोटारसायकलवरून, वाचून माणसानं करायचं काय, एवढं समजल्याशिवाय ते रंगाचा डबा उघडत नसत. अक्षराचा हिशोबही त्यांचाच, दहा फुटांवरून वाचायचं तर एक इंच उंचीचं अक्षर, पन्नास फुटांवरून तर पाच इंची. शिवरंजनीनं हे सगळं एका जुन्या वहीत उतरवून ठेवलं होतं आणि त्यात स्वतःची भर घातली होती.

तिच्या भरीचे प्रश्न मोठे कामाचे होते. बियाणाचा दुकानदार उठाव म्हणाला, तेव्हा तिनं विचारलं, शेतकऱ्यानं ही पाटी बघून तुमच्याकडं येऊन काय मागावं? तो म्हणाला, सोयाबीनचं बी. पाटीवर सोयाबीन सोडून सगळं होतं. लग्नाच्या बॅनरला उठाव नाही म्हणणाऱ्या एका मुलीच्या बापाला तिनं विचारलं, यातलं काय काढलं तर चालणार नाही आणि काय बघून मनात खट्टू होतं? बराच वेळ आढेवेढे घेऊन तो म्हणाला, थोरल्या दाजींचं नाव खाली गेलंय. नाव वर घेतलं आणि रंगाच्या एका ठिपक्यालाही हात न लावता बॅनरला उठाव आला. लोक हसत, म्हणत, ही बाई फौजदारावानी इचारती. पण काम घेऊन परत तिच्याकडंच येत.

इतकी जाणती बाई, आणि नेमकी जिथं विचारायला हवं होतं तिथं तिनं विचारलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

डिसेंबरातला सोमवार होता. थंडी अशी पडली होती की दुपारीही सावलीत बसवत नव्हतं. दुकानात शंभुलिंग आला. भुसार आडतीचा धंदा, वयानं पन्नाशीचा, बोलायला मोकळा माणूस. त्या दिवशी मात्र तो तुटक बोलत होता. त्याचे वडील शरणप्पा पहाटे घरातून निघून गेले होते. शरणप्पांचं वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडत चालला होता. आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरत, मग जेवलो की नाही ते, आणि आता सून कोण हेही. पोलिसांत कळवून झालं होतं, भावकी मोटारसायकलींवर फिरत होती. बॅनर लावा असं कुणीतरी सुचवलं, म्हणून तो आला होता.

शिवरंजनीचे स्वतःचे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिनं हातातलं साखरपुड्याचं काम बाजूला सारलं आणि म्हणाली, अण्णा, बसा, अर्ध्या तासात करते. फोटो मागायचीही गरज नव्हती. शरणप्पा मंदिराच्या पंचकमिटीत चाळीस वर्षं होते, दोन वर्षांपूर्वी त्यांचा सत्कार झाला तेव्हाचं बॅनर तिनंच केलं होतं. फेटा बांधलेला, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खांद्यावर जरीची शाल, गुळगुळीत दाढी, असा त्यांचा फोटो मागची भिंत कापून तयार करून ठेवलेला होता. ती फाईल उघडली, 'सत्कार समारंभ' पुसलं आणि तिथं 'बेपत्ता' लिहिलं. खाली नाव, वय, दोन फोन नंबर आणि 'कोणास आढळल्यास कृपया कळवावे'. सगळं वीस मिनिटांत उरकलं.

शंभुलिंग पडद्याकडं बघत राहिला. मान तिरकी केली. मग म्हणाला, "अक्का, बराबर हाय. पण... उठाव न्हाय बगा."

एरवी ती थांबली असती. खुर्ची वळवून तिनं विचारलंच असतं, अण्णा, यात काय खुपतंय, बोट दाखवा. पण या वेळी तिनं खुर्ची वळवली नाही. ज्याचा बाप हरवलाय त्याला प्रश्न काय विचारायचे, असं तिला वाटलं. विचारणं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर घाईही होती. मग उठाव या शब्दाचा जो अर्थ गावातल्या दुसऱ्या कुठल्याही फ्लेक्सवाल्यानं घेतला असता, तोच तिनं घेतला. 'बेपत्ता' लाल केलं, त्याला पिवळी कड दिली, अक्षरामागं सावली टाकली. चेहरा उजळला. फेट्याचा केशरी आणखी भडक केला. फोटोच्या मागं, सत्काराला असते तशी, सोनेरी किरणं फुटलेली होती, ती तशीच राहिली.

"आता आला का उठाव?" तिनं विचारलं.

शंभुलिंग घोटाळला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, हे तिला तेव्हाही दिसलं. पण तो म्हणाला, "आला म्हणायचं. टाका छापायला."

संध्याकाळच्या आत सहा बाय चारचे पाच बॅनर लागले. स्टँडवर, आडतीच्या चौकात, मंदिराजवळ, शाळेच्या कोपऱ्यावर आणि उमरगा रस्त्याच्या नाक्यावर.

मंगळवार गेला. फोन आले ते विचारपुशीचे. कोणी म्हणालं, शरणप्पांसारखा माणूस असा कसा हरवला. कोणी बॅनरचंच कौतुक केलं, लांबून झळकतंय म्हणाले. शिवरंजनी दुपारी स्टँडवर जाऊन आली. पोरं बॅनरखाली उभी राहून भेळ खात होती. तिनं त्यांना विचारलं, हे बाबा कुठं दिसले का? पोरांनी वर बघितलं. एक म्हणाला, कोण, हे निवडणुकीला उभं राहिलेत का? ती तशीच परतली. काहीतरी चुकलंय हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. माणूस स्वतःच्या कामाकडं कौतुकानं बघतो तेव्हा त्याला अर्धंच दिसतं.

बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच शंभुलिंग पायरीवर बसलेला होता. दोन रात्री झोपला नव्हता. म्हणाला, आणखी दहा बॅनर करा, दुप्पट मोठे करा, आणि उठाव जरा जास्त आणा.

शिवरंजनीनं संगणक लावला, पण फाईल उघडली नाही. बाहेरचा बाक रिकामा होता. ती उठली, परवाच्या छपाईतला चाचणीचा तुकडा रस्त्याच्या पलीकडच्या शटरला चिकटवून आली आणि शंभुलिंगला दुकानाच्या दारात उभं केलं.

"अण्णा, रागावू नका. परवाच इचारायला पायजे होतं. बोट दावून सांगा, यात काय चुकलंय? उठाव म्हनू नका. जे दिसना ते सांगा."

शंभुलिंग त्या तुकड्याकडं बघत राहिला. त्याचा हात अर्धा वर गेला आणि तसाच राहिला.

"अप्पा दिसनात," तो म्हणाला. "हे अप्पाच न्हाईत, अक्का. आसं कुठं हायत आता ते."

एवढं बोलून तो पायरीवर बसला आणि रडला. सोमवारी त्याला हेच म्हणायचं होतं. पण मोठ्या घरातला माणूस, बहिणीसारख्या बाईसमोर बापाचं हे रूप कसं सांगणार? उठाव नाही म्हणणं सोपं होतं. तो शब्द सगळ्यांनाच सोपा पडतो.

शिवरंजनीनं त्याला पाणी दिलं, वही काढली आणि एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. या वेळी कीव केली नाही.

अप्पांना पहिल्यांदा कोण बघेल असं वाटतं? नातेवाईक नव्हेत, त्यांना सांगायची गरज नाही. अनोळखी माणूस. म्हणजे कंडक्टर, चहावाला, रानातला सालगडी. तो त्यांना किती अंतरावरून बघेल? दहा-पंधरा पावलांवरून, म्हणजे चेहऱ्याआधी त्याला काय दिसेल? चाल. चाल कशी आहे? शंभुलिंगनं उठून करून दाखवली. कमरेतून वाकलेली, डावा पाय घासत. अंगावर काय होतं? धोतर, वर मेंदी रंगाचा स्वेटर, एक बटण तुटलेलं, डोक्याला लोकरीची कानटोपी. पायात? पायात काही नव्हतं, चपला उंबऱ्यातच राहिल्या होत्या. दाढी? चार महिन्यांची. कुणाला करू देत नव्हते, वस्तरा बघितला की ओरडत. कपाळाला भस्म? ते सुद्धा लावून घेत नव्हते.

तिनं विचारलं, कुणी नाव विचारलं तर काय सांगतील?

"सांगत न्हाईत. मराठी सुटलीच समदी. कानडीच बोलत्यात. शरणप्पा म्हनलं तरी बगत न्हाईत." मग तो म्हणाला, "शरणू म्हनलं की वळत्यात. त्यांची आई म्हनायची."

मग तिनं शेवटचा प्रश्न विचारला. ज्याला ते दिसतील त्यानं नेमकं काय करायचं? 'कळवावे' हे पुरेसं नव्हतं. फोन करेपर्यंत म्हातारा पुढं निघून जाईल. त्याला थांबवायचं कसं? शंभुलिंग म्हणाला, चहा दिला की बसतात. चहा संपेपर्यंत उठत नाहीत.

फोटोसाठी तिनं त्याचा मोबाईल मागितला. नातवाच्या वाढदिवसाची एक चित्रफीत होती. सगळे केकभोवती होते आणि मागं दारातून एक वाकलेला म्हातारा स्वेटर घालून चालत गेला होता. तीन सेकंदांचा तुकडा. तिनं तोच थांबवला. चेहरा जरा हलला होता, पण माणूस पायापर्यंत दिसत होता. शंभुलिंग हळूच म्हणाला, असा फोटो चौकात लावायचा? लोक काय म्हणतील? तिनं तो तुकडा संगणकावर घेतला. उत्तर त्यालाही माहीत होतं.

नवा फलक साधा होता. पिवळी जमीन, काळी अक्षरं, किरणं नाहीत, सावल्या नाहीत. डाव्या अंगाला उभा फोटो, उजेडही वाढवलेला नाही. वर मोठं 'या आजोबांना पाहिलंत का?' त्याखाली, मेंदी रंगाचा स्वेटर, कानटोपी, अनवाणी, वाकून चालतात, डावा पाय घासतात. फक्त कानडी बोलतात. 'शरणू' म्हणून हाक मारा. चहा देऊन बसवा आणि या नंबरवर फोन करा. नंबर एकच, हाताच्या पंजाएवढा. तेच कानडीतही खाली, कारण कानडी मुलखाची हद्द काही लांब नाही. मोठं बॅनर तिनं छापलंच नाही. त्याऐवजी वहीच्या पानाएवढे तीनशे कागद काढले, कंडक्टरांच्या, टपरीवाल्यांच्या आणि दूधवाल्यांच्या हातात द्यायला. तेच चित्र मोबाईलसाठी चौकोनी करून दिलं, आणि शंभुलिंगनं ते साऱ्या भावकीला पाठवलं. साडेअकरा वाजले होते.

एक वाजायच्या आत फोन आला.

उमरगा नाक्यावर गंगम्मा नावाच्या बाईची चहाची टपरी आहे. कागद तिच्या हातात पडला आणि तिनं लगेच त्यावरच्या नंबरवर फोन लावला. शंभुलिंगच्या मागोमाग शिवरंजनीही स्कूटीवर तिथं पोचली. गंगम्मा सांगत होती की हे आजोबा काल सकाळी इथं आले होते. कुडकुडत होते. तिनं त्यांना चहा दिला, एक खारी दिली. तिला थोडी कानडी येते. कुठं निघालात विचारलं तर म्हणाले, आईकडं. गावाचं नाव सांगितलं ते हद्दीपलीकडचं. तासभर उन्हाला बसले आणि मग ओढ्याच्या जुन्या वाटेनं गेले.

"कुठं बसले होते?" शंभुलिंगनं विचारलं.

गंगम्मानं हात केला. टपरीशेजारी दोन बांबू होते आणि त्या बांबूंना शिवरंजनीचं बॅनर ताणून बांधलेलं होतं. फेटा, शाल, सोनेरी किरणं. त्याच्याच आडोशाला, वारा लागू नये म्हणून, ते बसले होते.

"मी बगितलं की ओ वर," गंगम्मा म्हणाली. "दिवसभर बगत हुते. पर ते कुनीतरी मोठं मानूस हाय. हे आजोबा... मला वाटलं, कुनाचं तरी टाकून दिलेलं."

शिवरंजनीला त्या बॅनरकडं बघवेना. एवढं झळकत होतं ते.

ओढ्याच्या वाटेनं माणसं पांगली. दिवस मावळायच्या सुमारास शरणप्पा सापडले. दोन कोसांवर एका बाभळीच्या बुंध्याशी, स्वेटरच्या बाह्या ओढून हात आत घेतलेले. डॉक्टर म्हणाले, मंगळवारच्या रात्रीची थंडी त्यांना सोसली नाही. म्हणजे बुधवारी सकाळी शंभुलिंग दुकानाच्या पायरीवर बसला होता, तेव्हाच सगळं आटोपलं होतं. सोमवारी तो पिवळा कागद निघाला असता, तर मंगळवारी तो गंगम्माच्या हातात असता. म्हाताऱ्याच्या हातात चहाचा कप होताच. तासभर होता.

हा हिशोब शिवरंजनीला कोणी सांगितला नाही. तिचा तिनंच मांडला, आणि मग रोज मांडू लागली. लोकांनी तिला दोष दिला नाही, उलट तिच्या कागदामुळं निदान माणूस सापडला असं म्हणाले. ते ऐकलं की तिला जास्तच जड जाई. घरी ती नवऱ्याला एवढंच म्हणाली की माझ्या बापानं मला एक गोष्ट शिकवली होती, आणि ती मी साखरपुड्याच्या बॅनरांवर खर्च केली.

पाचव्या दिवशी शंभुलिंग पुन्हा आला. शिवगणाराधनेचं, म्हणजे अप्पांच्या उत्तरकार्याचं, बॅनर करायचं होतं, मंडपाच्या दारात लावायला. अंगावर पांढरे कपडे, डोळे खोल गेलेले. खुर्चीवर बसला, पण पडद्याकडं बघेना.

शिवरंजनीनं वही उघडली. आता ती कुणाचीच कीव करून प्रश्न टाळणार नव्हती. तिनं विचारलं, बॅनर कुठं लागणार? किती लांबून दिसायला हवं? कोण बघणार? त्यानं सरळ उत्तरं दिली. मंडपाच्या दारात, वीस पावलांवरून, सगळे आपलेच. मग तिनं विचारलं, फोटो कुठला घ्यायचा? दोन्ही फोटो तिनं पडद्यावर शेजारी शेजारी लावले. एकीकडं फेट्यातले शरणप्पा, दुसरीकडं दारातून वाकून जाणारा म्हातारा.

शंभुलिंगनं पहिल्यांदाच पडद्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बोट उचललं आणि फेट्यातल्या फोटोवर ठेवलं.

"ह्योच लावा, अक्का," तो म्हणाला. "आता कुनी वळखायचं राह्यलं न्हाय."

तिनं तो फोटो घेतला. किरणं काढून टाकली, मागं पांढरं ठेवलं, नावाच्या आधी 'कैलासवासी'ऐवजी लिंगायतांच्या रीतीनं 'लिंगैक्य' लिहिलं आणि पडदा त्याच्याकडं वळवला. त्यानं मान तिरकी केली नाही. उठावाचं काही म्हणाला नाही. बरोबर आहे म्हणाला आणि बाहेर जाऊन कल्याणप्पांच्या रिकाम्या बाकावर छपाई होईपर्यंत बसून राहिला.